न्हाणीघराच्या कडीची सूचना : एका पुनर्लेखनाचे परीक्षण

वृद्धनिवासाच्या फलकावर लागणाऱ्या सूचनांकडे भाषेचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. शासकीय परिपत्रकांची भाषा, न्यायालयांची भाषा, वृत्तपत्रांची भाषा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु जेथे वाचणारा आपले उरलेले आयुष्य काढणार आहे आणि लिहिणारा त्याच्या दाराची किल्ली बाळगतो, तेथे एका वाक्याच्या ठेवणीने काय होते, हा प्रश्न दुर्लक्षितच राहिला आहे. प्रस्तुत लेखात अशा एकाच सूचनेचा व तिच्या पुनर्लेखनाचा विचार केला आहे. सूचना पुणे परिसरातील एका निवासातील असून तेथे खोलीला जोडलेली चोवीस न्हाणीघरे आहेत. निवासाचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण हीच सूचना थोड्याफार फरकाने अन्यत्रही सापडेल.

मूळ सूचना अशी होती :

«सर्व आजी-आजोबांस सूचना. आपल्या सर्व लाडक्या आजी-आजोबांना कळविण्यात येते की, गेल्या आठवड्यात आपल्यातील एक आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. आतून कडी लावलेली असल्यामुळे दार तोडावे लागले व त्यात बराच वेळ गेला. वारंवार सांगूनही काही जण ऐकत नाहीत. यापुढे आंघोळीस जाताना कोणीही आतून कडी लावू नये. हे तुमच्या भल्यासाठीच सांगितले जात आहे. कडी लावलेली आढळल्यास ती काढून टाकण्यात येईल. सर्वांनी शहाण्यासारखे वागून सहकार्य करावे. हुकुमावरून, व्यवस्थापन.»

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. एक स्त्री पडली होती, दार फोडण्यात मोलाचा वेळ गेला होता, आणि पुन्हा तसे घडू नये अशी काळजी कार्यालयाला वाटत होती. ही काळजी खरी आहे, म्हणूनच सूचनेतील दोष केवळ उर्मटपणाचा दोष म्हणून निकालात काढता येत नाही.

आरंभीचे संबोधन पाहावे. नातेवाचक शब्दांनी परक्याला हाक मारणे ही मराठीची जुनी रीत आहे. काका, मावशी, दादा, ताई या शब्दांनी रस्त्यावरचे व्यवहारही सुखकर होतात. खोली झाडणाऱ्या मुलीने एखाद्या बाईंना ‘आजी’ म्हटले तर त्यात बहुधा मायाच असते, कारण ती हाक एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला मारलेली असते आणि नको असल्यास ती नाकारता येते. कार्यालयाने चाळीस माणसांना एकदम ‘आजी-आजोबा’ म्हटले की हा नकाराचा मार्ग बंद होतो. ज्यांना तीस वर्षे विद्यार्थ्यांनी ‘सर’ म्हटले ते, ज्या अविवाहित राहिल्या त्या, ज्यांची मुले-नातवंडे दुरावली आहेत ते, असे सारे जण एका वयाच्या नावाखाली एकत्र बांधले जातात. त्यावर ‘लाडक्या’ हे विशेषण चढले की नाते उलटे होते. मराठीत लाड मोठ्याने लहानाचे करावयाचे असतात. आजी नातवाचे लाड करते. कार्यालय आजीचे लाड करू लागले, तर आजी लहान झाली असाच त्याचा अर्थ होतो.

दुसरा प्रश्न सर्वनामांचा आहे. ‘आपण’ या मराठी सर्वनामाला दोन अर्थ आहेत : बोलणारा व ऐकणारा मिळून होणारे ‘आपण’, आणि ऐकणाऱ्यास आदराने उद्देशून वापरलेले ‘आपण’. ‘आपण येतो’ आणि ‘आपण येता’ यांतील भेद क्रियापद दाखविते. पण ‘आपण औषध घेतले का?’ या वाक्यात क्रियापद औषधाप्रमाणे चालत असल्यामुळे कोणता ‘आपण’ अभिप्रेत आहे हे शब्दांवरून कळत नाही. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या परिचारिकेच्या तोंडी हे वाक्य याच संदिग्धतेमुळे सोयीचे होते. आदर हवा असेल त्याला आदर ऐकू येतो. लहान मुलाला म्हणतात तसे ‘आपण आता दूध पिणार ना?’ असा सूर ज्याला ऐकू येतो, त्याला मात्र राग गिळावा लागतो. मूळ सूचनेत ‘आपल्या सर्व’ व ‘आपल्यातील’ असे समावेशक बोलणे आरंभी आहे, आणि पाचव्या वाक्यात एकाएकी ‘तुमच्या भल्यासाठी’ असे येते. जवळीक चार वाक्येही टिकत नाही. पडलेली स्त्री ‘आपल्यातील’ असते, न ऐकणारे मात्र ‘तुम्ही’ असतात.

लिंडा केपोरेल यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संस्थांतील वृद्धांशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांचा स्वर तपासला होता. शब्द कळू नयेत अशा रीतीने ध्वनिमुद्रण गाळून ऐकविले असता, वृद्धांशी केलेले बालसदृश बोलणे आणि लहान मुलांशी केलेले बोलणे यांतील भेद श्रोत्यांना ओळखता आला नाही. तो अभ्यास आवाजाचा होता. फलकावरील सूचनेला आवाज नसतो. तेव्हा हा स्वर मराठी लेखनात कोठे दडतो, हे पाहणे उद्बोधक ठरते. तो ‘शहाण्यासारखे’ या शब्दात आहे, कारण ‘शहाणे’ हे कौतुक आपण बाळाला देतो आणि प्रौढाला उद्देशून ते वापरले की उपरोध होतो. तो ‘ऐकत नाहीत’ यातही आहे. ‘ऐकणे’ म्हणजे कानाने ऐकणे आणि ‘ऐकणे’ म्हणजे आज्ञा पाळणे. ज्या वस्तीत अनेकांच्या कानांत श्रवणयंत्रे आहेत तेथे हे क्रियापद लिहिताना लेखणी थोडी थांबावयास हवी होती. आणि तो ‘भल्यासाठीच’ यातील ‘च’मध्ये आहे. एवढे लहान अव्यय, पण कोणी शंका घेतलेली नसताना ते शंकेचे निरसन करू पाहते. आईवडिलांच्या बोलण्यात हा ‘च’ शिक्षेच्या अगदी आधी येतो, आणि येथेही पुढच्याच वाक्यात कडी काढून टाकण्याची धमकी आहे.

धमकीचे वाक्यही वेगळे पाहण्याजोगे आहे. ‘कळविण्यात येते’, ‘सांगितले जात आहे’, ‘काढून टाकण्यात येईल’ : कळविणारा, सांगणारा, काढणारा कोठेच दिसत नाही. उलट चूक करणारे स्पष्ट आहेत. ‘काही जण’, ‘कोणीही’, ‘सर्वांनी’. संस्थेची कृती कर्त्याविना आणि रहिवाशांची कृती कर्त्यासह, अशी वाटणी सबंध सूचनेत पाळली गेली आहे. सहीच्या जागीसुद्धा माणूस नाही. ‘हुकुमावरून’ आहे, पण हुकूम कोणाचा हे नाही.

परंतु या सर्वांहून गंभीर दोष पहिल्याच वाक्यात आहे, आणि तो व्याकरणाचा नाही. नाव न लिहिल्याने त्या स्त्रीची ओळख झाकली जाते, असे लिहिणाऱ्याला वाटले असावे. चाळीस माणसांच्या वस्तीत ‘एक आजी’ कोण हे सकाळच्या चहापूर्वीच सर्वांना ठाऊक झालेले असते. तिचे पडणे, विवस्त्र स्थितीत सापडणे आणि दार फोडले जाणे हे भोजनगृहाच्या वाटेवरील फलकावर धड्यासारखे लागले. पुढील पुनर्लेखनात ही हकीकत पूर्णपणे गाळली गेली, आणि तिच्यावाचून सूचनेचे काहीच अडले नाही.

पहिल्या पुनर्लेखनात कार्यालयाने नेहमीचा उपाय केला. ‘आजी-आजोबा’ऐवजी ‘आदरणीय ज्येष्ठांनो’ असे घातले; ‘कृपया’ तीन ठिकाणी आले; ‘लावू नये’च्या जागी ‘न लावण्याची नम्र विनंती आहे’ असे झाले; ‘शहाण्यासारखे’ गेले, ‘आपल्या अनुभवसमृद्ध सहकार्याची अपेक्षा आहे’ असे आले. हा मसुदा पहिल्यापेक्षा बरा आहे का, याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. शब्द मऊ झाले, पण मागणी तीच राहिली : दाराला कडी न लावता आंघोळ करा. विनंती म्हणावयाची तर ती नाकारण्याची मुभा असावी लागते. येथे ती नव्हती, कारण कडी काढण्याचे वाक्य शेवटी तसेच होते. आज्ञेला विनंतीचे वस्त्र नेसविले म्हणजे वाचणाऱ्याला दोन गोष्टी सोसाव्या लागतात, आज्ञा आणि ती आज्ञा नाही हे ढोंग. मूळ सूचनेतील उघड ‘लावू नये’ निदान प्रामाणिक होते. आदरार्थी शब्दांची संख्या वाढवून आदर वाढत नाही, हे या मसुद्यावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही नियमाने होणार नाही.

हा मसुदा फलकावर लागण्यापूर्वी निवासातील काही रहिवाशांना वाचावयास दिला गेला. कार्यालयाला भाषेच्या दुरुस्त्या अपेक्षित होत्या. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला : “आम्ही कडी का लावतो, हे तुम्ही कोणाला विचारलंत का?” मग त्यांनीच सांगितले. सकाळी झाडलोटीची माणसे आणि औषधे देणाऱ्या परिचारिका दारावर न ठोठावता खोलीत येतात. खोलीला आतून कडी लावलेली चालत नाही. न्हाणीघराची कडी ही त्या इमारतीतील एकमेव कडी होती, जिच्या आत माणूस खात्रीने एकटा असे.

या उत्तराने सूचनेचा विषयच पालटला. तोवर प्रश्न असा मांडला जात होता : वृद्धांना धोका कळत नाही, तो त्यांना न दुखावता कसा समजवावा? वस्तुतः त्यांना धोका कळत होता. पडण्याचा धोका आणि उघड्या अंगाने कोणासमोर सापडण्याचा धोका, या दोहोंत त्यांनी निवड केली होती, आणि दुसरा धोका रोजचा होता. ज्या सूचनेत वाचणाऱ्याच्या कृतीमागचे कारण गृहीत धरलेले नाही, ती कितीही गोड असली तरी त्याला अजाणच समजते. पुनर्लेखन येथे शब्दांपाशी अडले, कारण व्यवस्था तशीच ठेवून प्रामाणिक वाक्य लिहिणे शक्य नव्हते.

तेव्हा दारांची पाहणी झाली. सर्व दारे आतल्या बाजूस उघडणारी होती. लहान न्हाणीघरात पडलेला माणूस बहुधा दाराशीच पडतो, आणि आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर लोटावे लागते. म्हणजे कडी नसती तरीही मदत सुखाने पोहोचली नसती. सूचनेत सारा दोष कडीवर, अर्थात ती लावणाऱ्यावर, ठेवला होता. निम्मा दोष बिजागरीचा होता. दारे बाहेर उघडणारी करणे आणि सरकत्या कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरविता येणारी कडी बसविणे, ही दोन कामे सुताराने करावयाची होती. हे ठरल्यावर दुसरा मसुदा लिहिला गेला. त्यात कर्मचाऱ्यांनी दार दोनदा ठोठावावे व उत्तर न आल्यास कडी उघडावी असे म्हटले होते. तो वाचून एका गृहस्थांनी निदर्शनास आणले की आंघोळीला जाताना ते श्रवणयंत्र काढून ठेवतात. पाण्याच्या आवाजात त्यांना ठोठावणे ऐकू येणार नाही, आणि धडधाकट उभे असताना त्यांचे दार उघडले जाईल. उपाय त्यांनीच सुचविला : न्हाणीघराच्या दिव्याचे बटण बाहेर आहे, ते दोनदा खालीवर करावे, म्हणजे आतल्याला कळते.

अखेर जी सूचना लागली ती अशी :

«न्हाणीघरांच्या दारांविषयी.

सर्व रहिवाशांस,

येथील न्हाणीघरांची दारे आत उघडतात. आत कोणी पडल्यास दार उघडणे कठीण जाते व मदतीस उशीर होतो. ही रचना आम्ही पूर्वीच बदलावयास हवी होती.

सोमवार, ९ तारखेपासून दारे बाहेर उघडणारी करण्याचे काम सुरू होईल. रविवार सोडून रोज दोन दारे होतील. शनिवार, २१ तारखेस काम संपेल. आपल्या खोलीचा दिवस आम्ही आदल्या दिवशी विचारून ठरवू.

नवी कडी आतून नेहमीप्रमाणे लावता येते. संकटात ती बाहेरून नाण्याने उघडता येते. आतून हाक आली, घंटा वाजली, किंवा दोनदा ठोठावून, दिवा दोनदा लावून-मालवूनही उत्तर आले नाही, तरच कर्मचारी ती उघडतील. एरवी कोणीही उघडणार नाही.

खोलीत येण्यापूर्वी दार ठोठावून उत्तराची वाट पाहावी, असे आम्ही सर्व कर्मचाऱ्यांना लेखी सांगितले आहे. तसे न झाल्यास कृपया आम्हाला कळवा.

काम पूर्ण होईपर्यंत कडी लावावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आंघोळीच्या वेळी कोणी जवळपास असावे असे वाटल्यास खोलीतील घंटा वाजवा; परिचारिका न्हाणीघराबाहेर थांबेल.

शंका असल्यास व्यवस्थापक रोज १० ते १२ कार्यालयात भेटतील.»

याखाली व्यवस्थापकाचे नाव, सही व तारीख आहे. ‘कृपया’ एकदाच आले आहे, आणि ते जेथे कार्यालय स्वतःविरुद्ध तक्रार मागते तेथे. ‘आम्ही’ हा शब्द आला आहे. ‘बदलावयास हवी होती’ या वाक्यात चूक कोणाची हे झाकलेले नाही. प्रौढाला प्रौढ मानणारी सूचना गोड असावी लागत नाही; ती पुरेशी असावी लागते. तारीख, कृती, कडी कोणत्या अटींवर उघडेल, या तपशिलांची जागा पूर्वी ‘भल्यासाठीच’ या एका शब्दाने अडविली होती. आज्ञार्थ व विध्यर्थ यांचा वापरही लक्षणीय आहे. ‘वाजवा’, ‘कळवा’ असे साधे आज्ञार्थ येथे खुपत नाहीत, कारण ते वाचणाऱ्याच्या इच्छेची पूर्ती कशी होईल हे सांगतात; आणि ‘ठरवावे’ हा विध्यर्थ अधिकार सोपवितो. मूळ सूचनेत ‘करावे’ हेच रूप अधिकार काढून घेत होते. रूप एकच असते; त्याने काय सोपविले आणि काय काढून घेतले, हे वाक्याबाहेरच्या व्यवहारावर ठरते.

तरीही या सूचनेत उणिवा आहेत. ‘आपल्या खोलीचा दिवस’ यात ‘आपल्या’ची जुनी संदिग्धता डोकावतेच, जरी संदर्भाने तिचा उपद्रव होत नाही. अधिक महत्त्वाची मर्यादा ही की, ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे अशा रहिवाशांना ही सूचना पुरेशी नाही. नाण्याच्या कडीचा खुलासा त्यांना आज पटेल, उद्या आठवणार नाही. त्यांच्यासाठी वेगळी, सोपी सूचना लिहावी असा प्रस्ताव आला होता. तो मान्य झाला नाही हे योग्यच झाले, कारण अशी सूचना फलकावर लागली की ती कोणासाठी आहे हे सर्वांना दिसले असते. त्यांच्याशी त्यांच्या ओळखीच्या परिचारिकेने आंघोळीच्या वेळी बोलावे असे ठरले.

एक लहानसा वाद नावांच्या यादीवरूनही झाला. दारांच्या कामाच्या वेळापत्रकात पुरुषांस ‘श्री.’ आणि स्त्रियांस ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ असे लिहिले होते. मराठीत ‘सौ.’ सधवेला लागते, आणि म्हणून ‘श्रीमती’ हे अनेकांच्या कानी वैधव्याचे चिन्ह ठरते. यादी भोजनगृहाच्या वाटेवर लागणार होती. कोणाचा पती हयात आहे हे सुतारकामाच्या वेळापत्रकाने सांगण्याचे कारण नव्हते. वेळापत्रक अखेर खोल्यांच्या क्रमांकांवर लिहिले गेले.

सूचना मोठ्या, ठळक अक्षरांत छापली होती. चाकांच्या खुर्चीतूनही वाचता यावी म्हणून ती फलकाच्या खालच्या भागात लावली गेली, आणि चकाकी येऊ नये म्हणून तिच्यावर काच घातली नाही. फलकावरील इतर कागद पाहता, सूचना काढण्याची तारीख कोणीच ठरवीत नसे असे दिसते. त्यांत दोन वर्षांपूर्वीच्या पाणीकपातीची एक सूचना अजून होती. नव्या सूचनेच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत लिहिले आहे की, ती २३ तारखेस काढली जाईल.